पंधरा पट्ट्यांचा गळा

मावशीच्या गळ्यात आता पंधरा अर्धस्वर उरले होते आणि तिच्या भजनाला एकवीस लागत होते. हे मी तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून काढलं होतं. फोनवर स्वर मोजायचं अ‍ॅप उघडायचं, पेटीची एकेक पट्टी दाबायची, मावशीने ‘आ’ म्हणायचं, आकडा स्थिर राहिला की वहीत खूण. काळी-पांढरी प्रत्येक पट्टी एक अर्धस्वर. खालून पंधरा घरं चढली की तिचा आवाज थांबायचा. फाटायचा नाही, घोगरा व्हायचा नाही, नुसता थांबायचा.

‘‘झालं तुझं, मोजपट्टी?’’ तिने विचारलं. लहानपणी मी घरातल्या सगळ्यांची उंची भिंतीवर मांडायचे तेव्हापासून तिने मला दिलेलं हे नाव.

‘‘झालं.’’

‘‘पास की नापास?’’

मी वही मिटली.

चौदा महिन्यांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, जखम भरली, आणि बोलणं आधीसारखंच राहिलं. फक्त स्वरतंतूंना ताण देणाऱ्या एका छोट्या स्नायूकडे जाणारी नस शस्त्रक्रियेत दुखावली. तंतू ताणले गेले तरच आवाज वर चढतो. डॉक्टर म्हणाले होते, ‘‘नस परत आलीच तर वर्षभरात येईल. त्यानंतर फारशी आशा धरू नका. रोजच्या बोलण्यात काही अडचण नाही ना?’’ मावशी म्हणाली, ‘‘नाही, भाजीवाल्याशी भांडता येतंय.’’ डॉक्टर हसले. 

ती कुणी मोठी गायिका नव्हती. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली बाई. पण तिच्याकडे एक भजन होतं. तिला शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः बांधलेलं, आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कुणालाच न दिलेलं. ‘दार असू दे उघडे, देवा, उशीर होतो आहे.’ बाई जाऊन वीस वर्षं झाली होती. चाल कुठे लिहिलेली नव्हती, कुणी ध्वनिमुद्रित केलेली नव्हती. करू, करू म्हणत राहिलं होतं. आता मावशीला ती मागे ठेवायची होती, आणि ती असलेली जगातली एकमेव जागा म्हणजे हे पंधरा अर्धस्वर.

चालीचं अवघड असं होतं की ध्रुवपदाच्या शेवटी ‘आहे’वर ती खालच्या पंचमापर्यंत उतरायची, आणि अंतऱ्यात ‘खूण पुरे, देवा’ म्हणताना ‘देवा’ वरच्या गंधारावर लागून तिथून न तुटता षड्जावर घसरत यायचा. त्या घसरण्यासाठीच बाईंनी भजन बांधलंय, असं मावशी म्हणायची. बाकीचं सगळं तिथपर्यंत पोचायचा रस्ता.

‘‘मग पट्टी उतरवू,’’ मी म्हटलं. ‘‘सा खाली घेतला की वरचा गंधारही खाली येईल.’’

‘‘बाईंनी मला पहिल्या दिवशी पेटीवर काळी चार दाबून दाखवली,’’ मावशी म्हणाली. ‘‘बारा वर्षांची होते मी. म्हणाल्या, हा तुझा सा, इथे तू राहतेस. पत्ता बदलून गायचं असेल तर गायचंच नाही मला.’’

आणि खरंच ती गात नव्हती. वर्ष झालं होतं.

*

मी पेटीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मावशीला तीस वर्षं साथ केली होती. शिंप्याच्या दुकानावरची त्यांची खोली, दोन पेट्या, भात्यांच्या चामड्याचा वास, खिडकीत वाळत घातलेले दोन सदरे. मी वही उघडून दाखवली. त्यांनी चष्मा शोधला, वही उलटी धरली, सुलटी केली.

‘‘गंमत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मी पट्टी कशी काढतो माहितीये? येणाऱ्याला विचारतो, आज काय जेवलास? तो बोलायला लागतो. बोलताना गळा जिथे टेकतो, त्याच्या आसपास सा. मग चालीतला सगळ्यात खालचा स्वर म्हणायला लावतो, सगळ्यात वरचा म्हणायला लावतो. दोन्हीकडे दोन-दोन पट्ट्या शिल्लक राहिल्या पाहिजेत. आणि मग बघतो, चाल जास्त वेळ बसते कुठे. टोकाला माणूस पाहुणा जातो, राहतो मध्येच.’’

‘‘पण इथे दोन्हीकडे शिल्लक सोडाच, सहा कमी पडताहेत.’’

‘‘म्हणजे पट्टीच नाही.’’

‘‘आहे,’’ मी म्हटलं. त्या वेळी मला माझा फार अभिमान वाटत होता. ‘‘खालचा पंचम तुमची पेटी वाजवेल. ‘आहे’ मावशी म्हणणारच नाही. मग तिला खालच्या निषादापर्यंतच उतरावं लागेल. वरचा गंधार सोडायचा, ऋषभावरून घसरायचं. निषादापासून ऋषभापर्यंत बरोबर पंधरा अर्धस्वर. सा काळी दोनवर ठेवला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मापात बसतं.’’

काकांनी वही मिटून माझ्या हातात दिली. ‘‘पोरी, बूट पायात गेला म्हणजे चालता येतंच असं नाही.’’

‘‘दुसरा उपाय सांगा.’’

त्यांच्याकडे नव्हता. शिवाय काळी दोनचं नाव काढलं तर मावशी तोंड उघडणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मग मी ते सुचवलं. काकांची मोठी पेटी पट्टी सरकवता येणारी होती. बाजूची खिट्टी फिरवली की पट्ट्यांची सगळी फळी एक घर सरकते. बोटं काळी चारवरच राहतात, आवाज मात्र अर्धा स्वर खालचा निघतो. तंबोरा माझ्या फोनमध्ये होता, तो उतरवणं माझ्या हातात. आठवड्याला एकच अर्धस्वर उतरवायचा. पाच आठवड्यांत काळी दोन. ऐकणाऱ्याच्या कानाला मागच्या आठवड्याचा सा आकड्यात आठवत नसतो. हे मी वाचलेलं होतं.

‘‘ताईंना कळेल,’’ काका म्हणाले.

‘‘कसं कळेल? तुमची बोटं तर काळी चारवरच दिसणार.’’

‘‘तीस वर्षांत मी त्यांना बेसूर ऐकवलं असेन, खोटं नाही ऐकवलं.’’ मग त्यांनी भात्यावरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली. ‘‘किती वाजता येऊ?’’

*

पहिल्या दिवशी मावशी नाही-नाही म्हणत बसली. काका आपली मोठी पेटी मांडत म्हणाले, ‘‘तुम्ही गाऊ नका. मी आपला पेटीची हवा बघायला आलोय.’’ त्यांनी ध्रुवपद वाजवलं. पहिल्या दोन वेळा तिने मान खाली घालून ऐकलं, तिसऱ्या वेळी तिने तोंड उघडलं.

दुसऱ्या आठवड्यात तिला शुद्ध निषाद लागला.

आधी काळी चारमध्ये ती धैवतावर थांबत असे. आम्ही सा दोन अर्धस्वर खाली नेला होता, म्हणून त्याच गळ्याला, त्याच जागेवर, आता निषाद हे नाव मिळालं होतं. मला हे गणित लख्ख माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर काय होईल, हा विचार मात्र मी केला नव्हता.

‘‘ऐकलंत?’’ ती म्हणाली. ‘‘पेटीवाले, ऐकलंत?’’

‘‘ऐकलं,’’ काका पट्ट्यांकडे बघत म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात वरचा षड्ज लागला. ती उठून खिडकीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. शेजारच्या काकूंना तिने जिन्यातच सांगितलं, ‘‘नस जागी होतेय बहुतेक.’’ काकू म्हणाल्या, ‘‘आता आमच्या दुपारच्या झोपेचं काही खरं नाही.’’ मावशी इतकी हसली की तिला खोकला आला. तिने डॉक्टरांकडची तपासणीची वेळ घेतली. मी ती पुढे ढकलली. डॉक्टर गावाला गेलेत म्हणून सांगितलं.

खालची बाजू मात्र सुटत चालली होती. ‘आहे’चा पंचम तिला सापडेना. ‘‘हे काय विचित्र,’’ ती म्हणाली. ‘‘डोकं झाकावं तर पाय उघडे.’’

‘‘वरचं आलं की खालचं जरा रुसतं,’’ काका म्हणाले. ‘‘तेवढं मी पेटीवर घेतो.’’

त्या दिवशी मी त्यांना पोचवायला गेले. शिंप्याच्या दुकानाच्या दारात थांबून ते एवढंच म्हणाले, ‘‘अजून दोन घरं. मग मला सांगू नकोस काही.’’

पाचव्या आठवड्यात ऋषभ लागला. गंधार तेवढा येत नव्हता. मावशी म्हणाली, ‘‘पाच आठवड्यांत एवढं आलं, पुढच्या महिन्यात गंधारही येईल. थांबू या का?’’ मी म्हटलं, स्टुडिओची वेळ ठरलीय, आत्ता ऋषभावरून करू, नंतर पुन्हा करू. नंतर काही येणार नव्हतं. पेटीची फळी आणखी सरकली असती, पण मग खालच्या बाजूला तिचा आवाज पुरला नसता. माझ्या वहीतली रेघ तिथे संपत होती.

*

स्टुडिओ म्हणजे एका गोदामामागची खोली. भिंतींना राखाडी फोम, जमिनीवर सतरंजी, दोन माइक, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. त्याच्या टेबलावर अर्धा खाल्लेला सँडविचचा तुकडा आणि तीन चहाचे कप. मावशीने ठेवणीतली साडी नेसली होती. ‘‘दिसणार तर नाहीच काही,’’ ती म्हणाली, ‘‘पण आवाजाला कळतं.’’

तबलजी उशिरा आला. त्याला सगळे ठोक्या म्हणतात, कारण वाजवण्यापेक्षा हातोडीने ठोकून जुळवण्यात त्याचा वेळ जास्त जातो. घरी आम्ही तबल्याशिवायच गायलो होतो. तबला ‘सा’ला जुळवलेला असतो, तो काही फळी सरकवून उतरत नाही. काकांनी त्याला आदल्या दिवशी फोनवर पट्टी सांगितली होती, जशी ते नेहमीच सांगतात. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही, आणि मलाही नाही. आम्ही दोघं पाच आठवडे फक्त कानांचा विचार करत होतो.

ठोक्याने पिशवीची चेन उघडली, तबला काढला, चुंबळीवर ठेवला.

मावशी पाणी पीत होती. तिने ग्लास खाली ठेवला.

‘‘हा कुणाचा तबला?’’

‘‘माझाच, मावशी.’’

‘‘एवढ्या रुंद तोंडाचा?’’ तिने पंजा पसरून त्या शाईवर, चामड्यावर धरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. तीस वर्षं ती तबल्याच्या शेजारी बसली होती. चढ्या पट्टीचा तबला तोंडाला लहान असतो, पट्टी जितकी खाली तितकं तोंड मोठं. काळी चारचा तबला तिच्या पंज्यात मावायचा. हा मावत नव्हता.

‘‘हा काळी दोनचा आहे,’’ ती म्हणाली.

‘‘हो, मग?’’ ठोक्या म्हणाला. ‘‘काकांनी काळी दोनच सांगितली.’’

काचेपलीकडच्या माणसाने माइकमधून विचारलं, ‘‘करायचं का सुरू?’’

मावशी काकांसमोर बसली. तिने पेटीच्या बाजूला हात घातला, खिट्टी चाचपली आणि फिरवली. एक, दोन, तीन, चार, पाच. दर वेळी फळी सरकल्याचा लाकडी आवाज आला. मग तिने स्वतःच काळी चार दाबली. पाच आठवड्यांपूर्वीचा सा खोलीत भरला. मला तो परका वाटला. इतका उंच.

‘‘कुणाची अक्कल?’’ तिने विचारलं.

‘‘माझी,’’ काका म्हणाले.

‘‘तुमची नाही. तुम्हाला खोटं बोलताना घाम येतो, पाच आठवडे येतोय. मला वाटलं वय झालं.’’ तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ‘‘मोजपट्टी, त्यांना सांग रेकॉर्ड करायला.’’

तबल्याशिवाय, पेटीच्या एका ‘सा’वर, तिने अंतरा सुरू केला. मध्यम, पंचम, धैवत. धैवतावर आवाज थांबला. तिचं तोंड उघडंच होतं, गळ्याच्या शिरा दिसत होत्या, पण पुढे काहीच नव्हतं. तिने पुन्हा धैवतापर्यंत जाऊन पाहिलं. पुन्हा. माझ्या वहीत तो आकडा होता. पाच आठवड्यांपूर्वीही तेवढाच होता आणि आजही तेवढाच होता.

‘‘जिन्यात सांगून बसले मी,’’ ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसून, ‘‘उतरवा. काळी दोन. तासभर घेतलाय ना यांचा?’’

काकांनी पाच घरं उतरवली. ठोक्याने तीनदा ठोकून जुळवलं. मावशी गायली.

पहिल्या वेळी ठोक्या चुकला. दुसऱ्या वेळी शब्द चुकले. तिसऱ्या वेळी सगळं बरोबर होतं, पण अंतऱ्यात ऋषभ लागला नाही. चौथ्या वेळीही नाही. मी काचेपलीकडे बसून अ‍ॅपवर आकडा बघत होते. तिचं वरचं टोक एका अर्धस्वराने खाली आलं होतं. दुखावलेला गळा दमतो. मी प्रत्येक स्वर दोन-दोन सेकंद मोजला होता, मध्ये पाणी देऊन. भजन सात मिनिटांचं होतं. काकांच्या त्या दोन-दोन शिल्लक पट्ट्या ह्यासाठी असतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

‘‘अजून एक घर उतरवू?’’ काकांनी विचारलं.

‘‘मग निषाद जाईल खालचा,’’ ती म्हणाली. ‘‘नको. देवा म्हणताना ‘सा’वरच थांबते. वर जायलाच नको.’’

पाचव्या वेळी ती तशी गायली. गंधार नाही, ऋषभ नाही, घसरणं नाही. ‘देवा’ सपाट, षड्जावर. आणि ध्रुवपदाच्या शेवटी ‘उशीर होतो’नंतर ती गप्प, तिथे फक्त पेटी. एकही स्वर चुकला नाही.

रेकॉर्डिंगवाल्याने ऐकवलं. मावशी डोळे उघडे ठेवून ऐकत होती.

‘‘हवं तर काळी चार करून देतो,’’ तो म्हणाला. चांगला माणूस होता. ‘‘कॉम्प्युटरवर एका मिनिटात चढतं.’’ आणि त्याने चढवून दाखवलं. आवाज बारीक, चिमटीत धरल्यासारखा झाला.

‘‘बाहुली गातेय,’’ मावशी म्हणाली. ‘‘राहू दे, बाळा. पुसून टाक.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही. ह्यात बाईंचं काही नाही. उद्या कुणी ऐकलं तर म्हणेल, चाल अशीच होती.’’

मी म्हटलं, मावशी, निदान असू दे. तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘‘पाच आठवडे असू दिलंस ना तू,’’ ती म्हणाली. तिचा आवाज रागीट नव्हता. रागीट असता तर बरं झालं असतं.

त्याने पुसलं.

*

दोन आठवड्यांनी मी तिच्याकडे गेले. तिने चहा केला. तिची पेटी कपाटावर गेली होती. मी फोन काढला. गंधारापासून षड्जापर्यंत घसरणारा एक स्वर मी संगणकावर तयार केला होता, काळी चारमध्ये, बरोब्बर आकड्यांचा. पेटीवर घसरता येत नाही, पट्टीवरून पट्टीवर उडीच पडते. म्हणून हा खटाटोप.

तिने ऐकलं. ‘‘आगीच्या बंबाचा भोंगा,’’ ती म्हणाली.

‘‘मग कसा येतो, सांग. मी बदलते.’’

तिने हात हवेत वर नेला, थोडा थांबवला आणि खाली आणला. मी वहीत त्याची रेघ काढली. ‘‘असं?’’

‘‘नाही. आधी जरा थांबतो. खाली यायचं मनात नसल्यासारखा.’’

मी खोडून काढली. ‘‘असं?’’

‘‘एवढा वेळ नाही.’’

‘‘ऋषभाला टेकतो का मध्ये?’’

तिने पुन्हा हात वर नेला. ह्या वेळी तो वरच राहिला. ती बोटांकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते, आवाज न काढता. बऱ्याच वेळाने तिने हात खाली आणून मांडीवर ठेवला.

‘‘गळ्याला विचारल्याशिवाय नाही आठवत ते,’’ ती म्हणाली. ‘‘टेकत असेल. किंवा नसेलही.’’

मी दोन्ही रेघा ठेवल्या. एक ऋषभाला टेकणारी, एक न टेकणारी. ती कप उचलून मोरीत ठेवायला गेली. जिन्यात शेजारच्या काकूंचा आवाज आला, काय हो, आज गाणं नाही का, आणि मावशीने नळ सोडला.